रक्ताच्या कागदावरील दोन आकडे

(नातेपुते येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेत बहुधा संत, इतिहास, साहित्य किंवा देशाचे अर्थकारण असे विषय असतात. त्या मानाने आमचा विषय फारच लहान आहे. एका कागदावरचे दोन आकडे, एवढाच तो. हा कागद आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, कपाटातल्या एखाद्या पिशवीत, बहुधा क्ष-किरणाच्या फोटोबरोबर घडी घालून ठेवलेला असतो. ताप आला, गर्भ राहिला, शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टर ‘रक्त तपासून या’ म्हणतात. मग जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात आणि संध्याकाळी यंत्रातून निघालेला कागद आपल्या हाती पडतो. त्यावर वीसेक आकडे असतात. आपण त्यातला एकच वाचतो, तो म्हणजे हिमोग्लोबिन. तो कमी असला की ‘रक्त कमी आहे’ असे म्हणतो, लोहाच्या गोळ्या आणतो आणि कागद पिशवीत जातो.

आमचे आयुष्य हे कागद लिहिण्यात गेले. आज एका घराची हकीकत सांगून, त्या एका आकड्याच्या खाली असलेले दुसरे दोन आकडे कसे वाचायचे ते आपल्यापुढे ठेवावे, असा विचार आहे. घराचे नाव गाव आम्ही सांगणार नाही, आणि आपणही तर्क करू नयेत.

२०२१ साली पावसाळ्याच्या सुमारास एक बाई आपल्या सुनेला घेऊन आमच्याकडे आल्या. सून बावीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेले. बाईंची तक्रार एका वाक्यात होती : “डॉक्टर, पोरीच्या अंगी रक्तच लागत नाही.” लग्नाआधीपासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, मुलगी लोहाच्या गोळ्या घेत होती. मध्ये सुयाही झाल्या होत्या. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली भाजी हे सगळे उपाय करून झाले होते. हिमोग्लोबिन मात्र १०.२, १०.५, १०.४ असे घुटमळत होते. मुलगी स्वतः म्हणत होती की मला काही होत नाही, मी रानातले काम करते. पण सासूबाईंच्या बोलण्याचा रोख असा, की गोळ्या ही पोरगी खिडकीतून टाकून देत असली पाहिजे.

सुनेची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या होती. आत्याच्या मुलाशी लग्न. आपल्या भागात हे नवे नाही, ‘मामाची मुलगी’ म्हटले की अर्धे लग्न ठरल्यासारखेच असते. हे नाते आपण ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आम्ही तिचा नवा कागद आणि योगायोगाने त्याच दिवशी तपासलेल्या दुसऱ्या एका बाईचा कागद शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या बाईचे हिमोग्लोबिन १०.२ आणि आमच्या सुनेचे १०.४. नुसता हा आकडा वाचणारा म्हणेल, दोघी सारख्याच. आता खाली पाहा. तांबड्या पेशींची संख्या : दुसऱ्या बाईची घन मिलिमीटरला ४२ लाख, सुनेची ५६ लाख. आणि एका पेशीचे सरासरी आकारमान, ज्याला कागदावर एम.सी.व्ही. म्हणतात : दुसऱ्या बाईचे ७४, सुनेचे अवघे ६१. निरोगी माणसात हा आकडा ८० ते १०० असतो, आणि बायकांच्या तांबड्या पेशी साधारणपणे ४० ते ५० लाख असतात. म्हणजे दुसऱ्या बाईच्या पेशी लहान आणि बेताच्याच होत्या. सुनेच्या पेशी त्याहूनही लहान, पण संख्येने नेहमीपेक्षा जास्त. जिला ‘रक्त नाही’ म्हणून दोन वर्षे हिणवले, तिच्या अंगात तांबड्या पेशी तिच्या सासूच्या अपेक्षेपेक्षाही अधिक होत्या!

हे ६१ कसले, असे कोणी विचारील. एका घन मिलिमीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोलिटर. त्या मापाने तिची एक पेशी ६१ भरते. ५६ लाखांना ६१ ने गुणले तर ३४ कोटींच्या थोडे वर येतात. म्हणजे शंभर कोटींपैकी ३४ कोटी भाग पेशींचे आणि उरलेला पातळ रस. कागदावर हिमॅटोक्रिट म्हणून जो ३४ टक्क्यांचा आकडा असतो तो हाच. गणित शाळेतलेच आहे.

पूर्वी हे आकारमान काढणे कष्टाचे काम होते. काचेवर आखलेल्या चौकटीत, सूक्ष्मदर्शकाखाली, पेशी एकेक करून मोजाव्या लागत. मोजणाऱ्याचे डोळे थकत आणि दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज होई. मग त्या चुकीच्या संख्येने भागून काढलेल्या आकारमानावर कोण विश्वास ठेवणार? ही अडचण वॉलेस कूल्टर या अमेरिकन माणसाने दूर केली. त्याच्या युक्तीला १९५३ साली पेटंट मिळाले. ती युक्ती नातेपुत्याच्या माणसाला समजावून देणे सर्वांत सोपे. आषाढात माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला येते. समजा, सगळ्या वारकऱ्यांना एकाच अरुंद वेशीतून, एकामागून एक असे सोडले, आणि वेशीत एक दोरी अशी बांधली की प्रत्येक माणूस जाताना तिला धक्का लागेल. किती धक्के बसले यावरून माणसे कळतील, आणि प्रत्येक धक्का किती मोठा यावरून त्याचे बोचके केवढे तेही कळेल. यंत्रात वेशीच्या जागी केसासारखे बारीक छिद्र आहे आणि दोरीच्या जागी विजेचा प्रवाह. पेशी छिद्रातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळ्यांची संख्या म्हणजे पेशींची संख्या, आणि अडथळ्याची उंची म्हणजे पेशीचे आकारमान. आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतले साधे यंत्रदेखील हे मिनिटभरात करते. म्हणजे जी खूण शोधायला एके काळी निष्णात माणूस लागे, ती आता प्रत्येक कागदावर आपोआप छापून येते. ती वाचली जात नाही, एवढेच.

आता मुख्य प्रश्न. पेशी लहान का, आणि लहान असून जास्त का?

तांबडी पेशी ही हिमोग्लोबिनने भरलेली पिशवी. हिमोग्लोबिनसाठी दोन गोष्टी लागतात, लोह आणि प्रथिनाच्या साखळ्या. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनात दोन साखळ्या एका जातीच्या असतात, त्यांना अल्फा म्हणतात, आणि दोन दुसऱ्या जातीच्या, त्या बीटा. आपण कुंभाराचे उदाहरण घेऊ. माती कमी पडली तर कुंभार गाडगी लहान करील, आणि तीही थोडीच होतील, कारण मातीच नाही. गिऱ्हाइकांनी कितीही तगादा लावला तरी चाकावर काही चढणार नाही. लोहाची उणीव ती ही. दुसऱ्या बाईचे असेच झाले होते : पेशी लहान आणि मोजक्या. आता दुसरा कुंभार घ्या. माती भरपूर आहे, पण घरातल्या दोन साच्यांपैकी एक मोडका. गाडगी लहान निघतात. गिऱ्हाईक म्हणते, पाणी पुरत नाही, आणखी पाठव. माती आहे, चाक आहे, म्हणून तो लहान लहानच, पण पुष्कळ गाडगी करून पाठवतो. शरीरात हा तगादा मूत्रपिंडे लावतात आणि हाडांतला मगज ऐकतो. बीटा साखळीचे जनुक आपल्याला आईकडून एक व वडिलांकडून एक असे मिळते. त्यातले एक नादुरुस्त असले की माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक होतो. इंग्रजी वैद्यकात याला ‘ट्रेट’ म्हणतात, आपण ‘वाहक’ म्हणू. तो रोगी नव्हे, हे आम्ही मुद्दाम जोर देऊन सांगतो. तो जन्मभर नांगर धरतो, मुले वाढवतो, म्हातारा होतो. मात्र त्याला लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे ज्याच्या दारात मातीचा ढीग आहे त्या कुंभाराला आणखी माती नेऊन टाकणे होय. अशी माती फुकटही जाते आणि वर्षानुवर्षे टाकीत राहिल्यास अडचणही करते.

१९७३ साली मेंट्झर नावाच्या डॉक्टरने या दोन आकड्यांचा एक सोपा भागाकार सुचवला. पेशीचे आकारमान घ्या आणि त्याला दशलक्षांत मोजलेल्या संख्येने भागा. उत्तर १३ च्या खाली आले तर वाहक असण्याचा संशय घ्या, वर आले तर लोहाच्या उणिवेचा. आमच्या सुनेचे पाहा : ६१ भागिले ५.६, उत्तर सुमारे १०.९. दुसऱ्या बाईचे ७४ भागिले ४.२, उत्तर १७.६. आणखी एक साक्षीदार कागदावर असतो, आर.डी.डब्ल्यू. पेशींच्या आकारांत आपापसांत किती तफावत आहे ते तो सांगतो. लोह हळूहळू आटत जाते तेव्हा जुन्या पेशी मोठ्या, नव्या लहान, असा खिचडीचा प्रकार होतो आणि हा आकडा चढतो. वाहकाच्या पेशी मात्र सगळ्या एकाच लहान साच्यातल्या, म्हणून तो बहुधा फारसा चढत नाही. दुसऱ्या बाईचा तो १८.५ होता, सुनेचा १५. हा साक्षीदार नेहमीच खरे बोलतो असे नाही, पण त्याला विचारावे जरूर.

तरी भागाकार म्हणजे निकाल नव्हे. तो दार वाजवतो, आत कोण आहे ते सांगत नाही. कित्येक वाहकांचे उत्तर १३ च्या वर येते, आणि लोह कमी असलेल्या काहींचे खाली. म्हणून आमची पद्धत अशी, की एम.सी.व्ही. ८० च्या खाली असेल, किंवा एका पेशीतले हिमोग्लोबिन दाखवणारा एम.सी.एच. २७ च्या खाली असेल, तर भागाकार काहीही सांगो, पुढची तपासणी करायचीच. ती म्हणजे हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस.

नाव भारदस्त आहे, गोष्ट तशी नाही. पेशी फोडून त्यातले हिमोग्लोबिन ओल्या पट्टीवर एका टोकाला ठेवतात आणि पट्टीतून वीज सोडतात. निरनिराळ्या जातींच्या हिमोग्लोबिनवर विजेचा भार कमीअधिक असतो, म्हणून ती वेगवेगळ्या वेगाने धावतात. पट्टी रंगवली की रेघा दिसतात. सर्वांत पुढे नेहमीचे ‘ए’, त्याच्या मागे गर्भातले ‘एफ’, त्याच्या मागे विदर्भात आणि आदिवासी भागांत आढळणारे सिकलचे ‘एस’, आणि अगदी मागे, निघाल्या जागेजवळ रेंगाळणारी एक फिकट रेघ, ती ‘ए-टू’. आमच्या कामाची ही फिकट रेघ. तिच्यात बीटाऐवजी डेल्टा नावाच्या साखळ्या असतात. निरोगी माणसात तिचा वाटा शेकडा दोन-तीन. बीटा कमी पडली की अल्फा साखळ्या डेल्टाशी जोडी जमवतात आणि हा वाटा वाढतो. ४ टक्के किंवा त्याहून अधिक झाला की बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व जवळजवळ ठरलेच. आता पट्टीऐवजी बहुतेक ठिकाणी एच.पी.एल.सी. नावाचे यंत्र असते. त्यात रक्त एका भरीव नळीतून ढकलतात आणि प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडते, त्यामुळे टक्केवारी अधिक नेमकी कळते. डॉक्टर मंडळी चिठ्ठीवर मात्र सवयीने इलेक्ट्रोफोरेसिस असेच लिहितात. आपण गोंधळू नये.

सुनेचे रक्त आम्ही पुण्याला पाठवले. शिवाय शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारे फेरिटिनही तपासले. फेरिटिन ६२, म्हणजे कोठार भरलेले. ए-टू ५.३ टक्के. पोरीने गोळ्या टाकल्या नव्हत्या, सगळ्या इमानाने गिळल्या होत्या.

सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे हिच्यातच खोट निघाली म्हणा की.” आम्हाला हेच भय होते. आम्ही म्हटले, खोट नव्हे, आणि हिच्यातच का, ते आधी पाहू. नवऱ्याला पाठवा.

नवरा आला तो ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवर पोती चढवणारा दणकट गडी. त्याच्याजवळ गेल्या वर्षीचा एक कागद होता. हिमोग्लोबिन १३.४. त्याखाली कोणी तरी निळ्या शाईने ‘उत्तम’ असे लिहिले होते. सगळ्या हकीकतीत आम्हाला सर्वांत जास्त बोचला तो हा शब्द. कारण त्याच कागदावर, त्या शब्दापासून दोन बोटे खाली, तांबड्या पेशी ६४ लाख आणि एम.सी.व्ही. ६५ असे स्वच्छ छापलेले होते. ६५ भागिले ६.४ म्हणजे सुमारे १०.२. पुरुषांत हे फार वेळा होते. पेशी इतक्या जास्त तयार होतात की त्या लहान असूनही हिमोग्लोबिन मर्यादेत बसते, मग कोणीच शंका घेत नाही. बायकोचे रक्त ‘कमी’ म्हणून निदान चार कागद तरी निघाले होते. नवऱ्याचे ‘उत्तम’ म्हणून तो सुटला होता. त्याचे ए-टू निघाले ५.१.

तेव्हा मग सासूबाईंचे रक्त घेतले. त्यांचे आकडे तसेच, आणि ए-टूही तसेच. नंतर सुनेच्या वडिलांचे, म्हणजे त्यांच्या भावाचे घेतले. तेही तसेच. शेवटी दोघांची आई, ऐंशी वर्षांची म्हातारी, नातवाच्या मोटारसायकलवर बसून स्वतः आली. तिचे एम.सी.व्ही. ६६. ऐंशी वर्षांत हिला कशाने अंथरूण धरल्याचे कोणाला आठवत नव्हते. आम्ही कागद वाचून दाखवला तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्या आईचंच की!” म्हातारी म्हणाली, “माझं असलं तर असू दे, मी काय मेले का?” या वाक्यात वाहकत्वाचे सारे वैद्यक आले आहे.

म्हातारीचे नादुरुस्त जनुक एका वाटेने मुलीकडे आणि तिच्या मुलाकडे गेले, दुसऱ्या वाटेने मुलाकडे आणि त्याच्या मुलीकडे. आणि मग या दोन वाटा लग्नाने पुन्हा एकत्र आल्या. जरा हिशेब करू. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरीने शंभरात तीन-चार असावेत असे धरतात. काही समाजांत, जसे सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात, प्रमाण अधिक आहे. म्हणून पुष्कळांची समजूत अशी की हे ‘त्यांचे’ दुखणे, मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. तसे नाही. सगळ्या जातींत, सगळ्या धर्मांत वाहक सापडतात, प्रमाण तेवढे कमीअधिक. आता वाहक मुलाने नात्याबाहेरची मुलगी केली, तर ती वाहक असण्याचा संभव शंभरात तीन-चार. पण त्याला हे जनुक आईकडून आले असेल आणि त्याने मामाची मुलगी केली, तर मामा वाहक असण्याचा संभव निम्मा आणि मामाच्या मुलीचा त्याच्याही निम्मा, म्हणजे शंभरात पंचवीस. नात्यात लग्न करू नका असे सांगायला आम्ही आलो नाही. ते सांगून कोणी ऐकलेलेही नाही. पण लग्न ठरताना पत्रिका पाहणाऱ्याने हे दोन आकडेही पाहावेत. त्याला पत्रिकेइतकेही पैसे पडत नाहीत.

दोघेही वाहक असले तर काय होते? प्रत्येक गर्भाच्या वेळी चार शक्यता. दोन्हीकडून चांगले जनुक आले तर मूल पूर्ण निरोगी. एकीकडून चांगले आणि दुसरीकडून नादुरुस्त, हे दोन प्रकारांनी घडते, तेव्हा मूल आईबापांसारखे वाहक. दोन्हीकडून नादुरुस्त आले तर थॅलेसेमिया मेजर. ते मूल जन्मतः गुटगुटीत असते, कारण गर्भातल्या ‘एफ’ हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागतच नाही. सहा महिन्यांनंतर ‘एफ’ ओसरू लागते, त्याची जागा घ्यायला ‘ए’ येत नाही, आणि मूल पांढरे पडत जाते, पोट फुगते, प्लीहा वाढते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त, जन्मभर. त्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचते, ते काढायला रोजचे औषध. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. कूली यांनी अशा मुलांचे वर्णन केले. पुढे १९३२ साली, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत हे आढळते म्हणून समुद्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. आपल्याकडे १९३८ सालीच कलकत्त्यात डॉ. मुखर्जी यांनी पहिल्या रोग्याची नोंद केली. म्हणजे समुद्रावरून नाव ठेवले खरे, पण समुद्रापासून दूर असलेल्या माळरानावरही तो होताच.

आमच्या जोडप्याला अजून मूल नव्हते, हे त्यांचे भाग्य. बहुतेक घरांत हे दोन आकडे पहिले मूल आजारी पडल्यावर वाचले जातात. दोघांना समोर बसवून आम्ही वरचा चौभागी हिशेब सांगितला. मुलाने विचारले, पहिले चांगले निघाले तर पुढची तीन धोक्याची का? हा प्रश्न सगळेच विचारतात. तसे नाही. दर वेळी नाणी नव्याने उडतात, मागच्या वेळेची आठवण नाण्यांना नसते.

पुढे काय करायचे ते त्यांना ठरवायचे होते. मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली, आणि आज आपल्या देशातल्या हिमोग्लोबिनच्या दोषांचा तिथे सखोल अभ्यास होतो. अशा ठिकाणी आधी नवरा-बायकोच्या रक्तातून नेमकी चूक कोणती ते शोधतात. या दोघांची चूक अर्थातच एकच निघाली, आजीची. बीटा जनुकाच्या पहिल्या मधल्या तुकड्यात पाचव्या जागी ‘जी’ या अक्षराऐवजी ‘सी’. एका अक्षराचा फरक! भारतात सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. चूक ठाऊक झाली की गर्भ अकराएक आठवड्यांचा असताना वारेचा बारीक तुकडा काढून त्यात ती पाहता येते. वेळ महत्त्वाची. पाचव्या महिन्यात आलेल्या जोडप्यापुढे असे रस्ते फार अरुंद होतात. म्हणून गर्भ राहण्याआधी, निदान राहिल्याबरोबर, नवऱ्याचाही कागद पाहिलेला बरा.

येथे या तपासणीच्या फसव्या जागा सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आपण घरी जाऊन भलत्याच निष्कर्षावर याल. पहिली जागा लोहाचीच. लोह फार कमी असले तर ए-टू खाली दबते. आम्ही एक मुलगी पाहिली आहे, तिचे ए-टू ३.६ आले, ना इकडे ना तिकडे. फेरिटिन ७. तिला खरोखरच लोह हवे होते. तीन महिने गोळ्या दिल्यावर हिमोग्लोबिन चढले पण एम.सी.व्ही. ६८ वरच अडले, आणि फेरतपासणीत ए-टू ४.४ झाले. म्हणजे तिला दोन्ही होते, माती कमी आणि साचाही मोडका. तेव्हा वाहकाला लोह कधीच नको असे समजू नका. साठा मोजून मग ठरवा. आणि ३.३ ते ३.९ च्या दरम्यान आकडा आला तर ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका, विशेषतः जोडीदार वाहक असेल तर.

दुसरी जागा बाहेरच्या रक्ताची. नुकतेच रक्त चढवलेल्या माणसाची तपासणी म्हणजे दात्याची तपासणी. तीन-चार महिने थांबावे. तिसरी जागा अल्फा साखळीची. अल्फाची जनुके चार. त्यातली एकदोन नसली तर पेशी लहान आणि जास्त होतात, पण ए-टू वाढत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद अगदी निर्दोष येतो. लोह ठीक, ए-टू ठीक, आणि तरीही एम.सी.व्ही. ७२ च्या आसपास अडलेले, असे दिसले तर हा विचार करावा, आणि त्याचा निकाल जनुकाच्या तपासणीनेच लागतो. आणि एक गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. ब-बारा जीवनसत्त्व कमी असले की पेशी मोठ्या होतात. लहान करणारे आणि मोठे करणारे कारण एकाच अंगात भेटले, तर एम.सी.व्ही. सरासरीत बसून सगळ्यांना चकवते. यंत्राला बिचाऱ्याला सरासरी तेवढी काढता येते, कारण विचारता येत नाही.

आता आमच्या घराची हकीकत पुरी करतो. २०२२ साली सुनेला दिवस गेले. अकराव्या आठवड्यात दोघे मुंबईस जाऊन आले. निकालाला दिवस लागले, त्या दिवसांत सासूबाई दोनदा आमच्याकडे येऊन नुसत्याच बसून गेल्या. निकाल आला तो असा : एक जनुक चांगले, एक नादुरुस्त. म्हणजे वाहक. मुलगा झाला. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला म्हणून दुसऱ्या गावी दाखवला, तिथे रक्त तपासले, आणि हिमोग्लोबिन १०.१ पाहून लोहाचे पातळ औषध लिहून मिळाले. सासूबाईंनी ते औषध घेतले नाही. कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या, चष्मा लावला आणि बोट ठेवून म्हणाल्या, “हे बघा, पेशी सत्तावन्न लाख, अन् साईज एकसष्ट. ह्याला लोखंड कशाला?” आम्ही फेरिटिन पाहिले. ते ठीक होते.

त्या घरात आता एक वही आहे. पहिल्या पानावर म्हातारीचा कागद चिकटवलेला आहे, त्याखाली मुलगा, मुलगी, नात, नातू आणि पणतू. सासूबाईंच्या धाकट्या मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे, तिचाही कागद गेल्या महिन्यात लागला. ती वाहक नाही, तिच्या पानावर एम.सी.व्ही. ८६ आहे.

आपणांपैकी कोणाजवळ कागद असतील तर व्याख्यानानंतर आम्ही मागच्या बाजूला बसणार आहोत. नवऱ्यांनी आपलेही आणावेत.